टिक व्हॉल्यूम : मोजले काय जाते आणि निसटते काय?

परकीय चलनाच्या कोणत्याही आलेखाच्या तळाशी छोट्या उभ्या स्तंभांची एक रांग असते. वर युरो-डॉलरचा भाव चढतो-उतरतो, खाली हे स्तंभ उंच-ठेंगणे होतात. त्यांच्या शेजारी ‘व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. नवखा वाचक समजतो, त्या मिनिटात इतक्या युरोंची उलाढाल झाली. प्रत्यक्षात त्या स्तंभात एकही युरो मोजलेला नसतो.

मग मोजलेले काय असते? दलालाच्या संगणकाकडून आलेला भाव त्या मिनिटात किती वेळा बदलला, एवढेच. प्रत्येक बदल म्हणजे एक टिक. मिनिटात ८० वेळा भाव बदलला तर स्तंभाची उंची ८०. सौदा किती मोठा होता, किंबहुना सौदा झाला तरी की नाही, हे त्या ८० मध्ये कुठेच नाही.

उदाहरणार्थ, भाव १.०८४१२ आहे. एका बँकेच्या यंत्राने तो १.०८४१३ केला, पुन्हा १.०८४१२ वर आणला, पुन्हा १.०८४१३ केला. कोणीही काही विकत घेतले नाही, पण तीन टिक नोंदल्या गेल्या. पुढच्या मिनिटात कोणीतरी ५ कोटी युरो विकले. समोर तेवढ्याच ताकदीचा खरेदीदार त्याच भावाला उभा होता, त्याने सारे घेतले आणि भाव जागचा हलला नाही. येथे टिक शून्य. आलेख पाहणाऱ्याला पहिले मिनिट गजबजलेले दिसेल आणि दुसरे ओसाड.

बदलांच्या संख्येला ‘व्हॉल्यूम’ हे नाव कसे चिकटले, याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो सुरू होतो तारयंत्राच्या काळात, न्यूयॉर्कमध्ये.

१८६७ साली एडवर्ड कॅलहान याने शेअरबाजारातले भाव तारेवरून दूर पाठवून कागदी पट्टीवर छापणारे यंत्र तयार केले. ते चालताना टिक-टिक असा आवाज होई, म्हणून त्याचे नाव टिकर पडले. पुढे तरुण एडिसननेही त्यात सुधारणा केल्या. या पट्टीवर छापली जाणारी नोंद ही झालेल्या सौद्याची होती : अमुक कंपनी, इतके शेअर, अमुक भाव. बाजाराला एक इमारत होती, सौदे त्या इमारतीत होत आणि त्यांची नोंद ठेवणारी माणसे तिथेच उभी असत.

म्हणूनच २९ ऑक्टोबर १९२९ च्या त्या कुप्रसिद्ध मंगळवारी, टिकरची पट्टी बाजाराच्या काही तास मागे पडलेली असतानाही, दिवसाचा हिशेब अखेर नेमका लागला. १ कोटी ६४ लाख १० हजार ३० शेअर. भावाने घातलेल्या गोंधळात कोणाला काही सुचत नव्हते, पण उलाढालीचा आकडा मात्र एका शेअरपर्यंत सांगता आला. त्याचे श्रेय एका छताखाली चालणाऱ्या बाजाराला.

परकीय चलनाच्या बाजाराला असे छतच नाही. लंडनमधली बँक सिंगापूरमधल्या बँकेशी परस्पर सौदा करते. त्याची नोंद त्या दोघींच्या वह्यांत होते, तिसऱ्या कोणाला ती कळवण्याची गरज नसते. या बाजाराची दारे-खिडक्या फार पूर्वीपासून टेलिफोन आणि टेलेक्स हीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रेटन वुड्स व्यवस्थेत चलनांचे दर डॉलरशी बांधलेले होते, तोवर भाव मिनिटामिनिटाला पाहण्याची कोणाला फारशी गरजही नव्हती. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरची सोन्याशी असलेली गाठ तोडली, मार्च १९७३ पर्यंत प्रमुख चलने तरंगू लागली, आणि भाव पाहण्याची निकड एकाएकी निर्माण झाली.

रॉयटर्सने ती हेरली. १९७३ मध्येच त्यांनी ‘मॉनिटर’ नावाची सेवा सुरू केली. यातली युक्ती अशी होती की भाव रॉयटर्स गोळा करत नसे. बँका आपापल्या कचेरीतून ते स्वतःच टंकत आणि जगभरच्या पडद्यांवर ते उमटत. पुढे याच सेवेतले एफएक्सएफएक्स नावाचे पान चलन-व्यापाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातले झाले. प्रत्येक ओळीत वेळ, बँकेची खूण, शहर, खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव.

या ओळीत काय नव्हते, हे पाहणे आवश्यक आहे. रक्कम नव्हती. सौदा झाल्याची खूणही नव्हती. तो भाव बँकेवर बंधनकारकसुद्धा नव्हता. दुकानदाराने दाराबाहेर पाटी लावावी तसा तो प्रकार होता : आमच्याकडे साधारण या भावाला माल मिळेल, आत या, बोलू. खरा भाव फोनवर ठरे. टिकरच्या पट्टीवर झालेला सौदा छापला जात होता आणि रॉयटर्सच्या पडद्यावर सौद्याचे आमंत्रण. दोन्हींच्या नोंदी एकामागून एक येत, दोन्ही मोजता येत, म्हणून दोन्ही सारख्याच भासल्या. घोटाळ्याचे मूळ इथे आहे.

शिवाय पाटी लिहिणाऱ्याच्या सवयींचाही त्या संख्येत वाटा होता. बाजार शांत असताना एखादी बँक आपले नाव पडद्यावर दिसत राहावे म्हणून तोच भाव पुन्हा पुन्हा टाके. उलट बाजारात खरी झुंबड उडाली की व्यापाऱ्याच्या दोन्ही कानांना फोन असत, पाटी बदलायला हात मोकळा नसे.

१९८० च्या दशकात झ्युरिकच्या ओल्सेन अँड असोसिएट्स या संस्थेने पडद्यावरून वाहून जाणाऱ्या या ओळी साठवायला सुरुवात केली. १९९० च्या दशकात तिने संशोधकांना १ ऑक्टोबर १९९२ ते ३० सप्टेंबर १९९३ या पूर्ण वर्षाचा संग्रह खुला केला. त्यात एकट्या डॉलर-जर्मन मार्कच्या सुमारे १४ लाख ७० हजार नोंदी होत्या, म्हणजे कामाच्या दर दिवशी साडेपाच हजारांहून अधिक. अर्थशास्त्रज्ञांच्या हाती प्रथमच एवढा ऐवज आला होता. उलाढालीची आकडेवारी कुठेच मिळत नव्हती, तेव्हा अनेकांनी नोंदींची संख्याच उलाढालीचा अंदाज म्हणून वापरायला घेतली.

हा अंदाज खरा की खोटा, हे पडताळण्याची संधी एका व्हिडिओ टेपमुळे मिळाली.

१९९२ मध्ये रॉयटर्सने ‘डीलिंग २०००-२’ नावाची नवी यंत्रणा सुरू केली होती. हा खराखुरा इलेक्ट्रॉनिक दलाल होता. बँक त्यात भाव आणि रक्कम घाली, समोरची बँक तो स्वीकारी आणि सौदा तिथल्या तिथे पुरा होई. किमान रक्कम १० लाख डॉलर. तिथले भाव आमंत्रणाचे नव्हते, बंधनकारक होते. चार्ल्स गुडहार्ट, ताकातोशी इतो आणि रिचर्ड पेन या तीन अर्थशास्त्रज्ञांनी १६ जून १९९३ या दिवशीच्या सात तासांत या यंत्रणेच्या पडद्यावर जे जे उमटले त्याचे चित्रीकरण मिळवले, त्यातल्या नोंदी उतरवून काढल्या आणि त्याच सात तासांतल्या एफएक्सएफएक्स पानाच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिल्या. एकीकडे पाट्या, दुसरीकडे खरे सौदे. दिवस तोच, तासही तेच.

निष्कर्ष दोन भागांत आला. खरेदी-विक्रीच्या भावांची सरासरी पाहिली तर पाट्या अगदी विश्वासार्ह निघाल्या. भाव कुठे आहे, हे त्या चोख सांगत होत्या. पण खरेदी आणि विक्रीच्या भावातले अंतर, ज्याला स्प्रेड म्हणतात, ते पाट्यांवर ५ किंवा १० अशा ठरावीक गोल आकड्यांत अडकलेले असे. सौद्यांच्या पडद्यावर ते तसे वागत नव्हते. आणि पाट्या किती वेळा बदलतात, यावरून सौदे किती वेळा होतात हेही सांगता येत नव्हते. तिघांनी तसे स्पष्ट लिहिले. ‘फॉरेक्सच्या आलेखातला व्हॉल्यूम खरा आहे का?’ हा प्रश्न आज जितक्या वेळा विचारला जातो, त्या प्रत्येक वेळी ही टेप आठवायला हरकत नाही. एकाच दिवसाचा पुरावा, त्यातही सात तासांचाच, पण मुळाला हात घालणारा.

तरीही नोंदींची संख्या अगदीच निरर्थक होती असे नाही. त्या काळी टोकियोत दुपारी १२ ते दीड या वेळात बँकांनी आपसात चलनाचे सौदे करायचे नाहीत, असा दंडक होता. डिसेंबर १९९४ मध्ये तो उठला. ओल्सेनच्या संग्रहात पाहिले तर रोज त्या दीड तासात डॉलर-येनच्या नोंदींत स्पष्ट खळगा पडलेला दिसतो. माणसे जेवायला गेली की पाट्याही थांबत. लंडन उघडले की संख्या चढे, न्यूयॉर्क जागे होऊन दोन्ही शहरे एकत्र चालू लागली की ती शिगेला पोहोचे.

आजच्या आलेखातही हीच लय दिसते. भारतीय घड्याळाप्रमाणे संध्याकाळी, लंडन आणि न्यूयॉर्क दोन्ही चालू असताना, युरो-डॉलरचे स्तंभ उंच होतात. पहाटे ते खुजे असतात. खरी उलाढालही त्याच वेळी वाढते आणि त्याच वेळी घटते, म्हणून टिक व्हॉल्यूम आणि खरी उलाढाल यांचा संबंध आकडेवारीत भक्कम दिसतो. हा संबंध दाखवून ‘टिक म्हणजेच उलाढाल’ असे पटवून देणारे बरेच भेटतात. घड्याळाच्या काट्यावर चालणाऱ्या दोन गोष्टी एकत्र वर-खाली होणारच. खरी परीक्षा वेगळी आहे : आजचे संध्याकाळी ७ चे मिनिट कालच्या ७ च्या मिनिटापेक्षा उंच असेल, तर आज पैसाही जास्त फिरला का? इथे तो संबंध बराच सैल पडतो. कारण टिक ही मुळात भावाच्या अस्वस्थतेची मोजणी आहे.

२००५ मध्ये आलेल्या मेटाट्रेडर ४ या प्रणालीने हे आलेख घरोघरी नेले. तिच्यात स्तंभावर नुसते ‘व्हॉल्यूम’ लिहिलेले होते. पुढच्या आवृत्तीत, मेटाट्रेडर ५ मध्ये, दोन वेगळे रकाने आले : `tick_volume` आणि `real_volume`. शेअरबाजाराला जोडलेल्या खात्यात दुसऱ्या रकान्यात खरी संख्या असते. फॉरेक्सच्या बहुतेक खात्यांत तिथे शून्य दिसते. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, याची याहून प्रामाणिक कबुली आलेखात दुसरीकडे सापडणार नाही. दुर्दैवाने तो रकाना उघडून पाहणारे थोडेच.

पहिल्या रकान्यातही एक मेख आहे. ती संख्या बाजाराची नसते, एका दलालाची असते. एक दलाल तीन बँकांकडून भाव घेतो, दुसरा वीस बँकांकडून. एखादा प्रत्येक बदल पुढे पाठवतो, दुसरा सेकंदात आलेल्या दहा बदलांचा एकच करून पाठवतो. दोन दलालांचे युरो-डॉलरचे एकाच मिनिटाचे आलेख शेजारी ठेवावेत : मेणबत्त्या जवळजवळ सारख्या आणि स्तंभ दुपटी-तिपटीने वेगळे, असे सहज दिसू शकते. भाव एकच आहे, कारण तो चुकला तर दलालाचेच नुकसान होईल. टिकची संख्या एक असण्याचे कोणावरही बंधन नाही.

भावाची पायरी बदलली तरी संख्या बदलते. बँकांच्या आपसातल्या व्यवहारांसाठी ईबीएस हा मोठा इलेक्ट्रॉनिक बाजार १९९३ पासून चालू आहे. तिथे भावाची सर्वांत लहान पायरी पूर्वी एक पूर्ण पिप होती, म्हणजे युरो-डॉलरमध्ये दशांशानंतरचा चौथा अंक. २०११ मध्ये ती पिपच्या दहाव्या भागावर आणली गेली. यंत्रांनी चालणारे व्यापारी पिपच्या दहाव्या भागाने एकमेकांच्या पुढे उडी मारू लागले. बँकांच्या व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि २०१२ मध्ये पायरी अर्ध्या पिपवर नेण्यात आली. जिना तेवढाच उंच ठेवून पायऱ्या दसपट केल्या, तर पावलांची संख्या वाढते. चढून कोणी अधिक उंचीवर जात नाही. म्हणून पायरीत बदल झालेल्या काळाच्या अलीकडचे आणि पलीकडचे स्तंभ एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो.

या साऱ्याची सर्वांत बोलकी साक्ष स्वित्झर्लंडने दिली. ६ सप्टेंबर २०११ रोजी तिथल्या मध्यवर्ती बँकेने जाहीर केले की एका युरोला १.२० फ्रँकपेक्षा कमी भाव येऊ दिला जाणार नाही, त्यासाठी लागतील तितके परकीय चलन बँक विकत घेईल. युरोपातल्या कर्जसंकटाने भेदरलेला पैसा फ्रँकमध्ये घुसत होता. २०१२ च्या उन्हाळ्यात हा लोंढा शिगेला पोहोचला. बँक १.२० च्या किंचित वर ठाण मांडून बसली आणि समोर येईल तो युरो विकत घेत राहिली.

त्या आठवड्यांचा युरो-फ्रँकचा आलेख काढून पाहिला तर १.२०१० च्या आसपास एक जवळजवळ आडवी रेघ दिसते. आठवड्यामागून आठवडे गेले, भाव बोटभरही हलेना. ज्या मोजणीला भाव हलल्याखेरीज काही कळतच नाही, तिच्या लेखी हा बाजार पेंगुळलेला होता. आणि २०१२ या एका वर्षात स्विस मध्यवर्ती बँकेने १८८ अब्ज फ्रँक किमतीचे परकीय चलन विकत घेतले. हा आकडा बँकेने स्वतः नंतर प्रसिद्ध केला. तिच्या इतिहासातल्या अतिप्रचंड खरेदींपैकी एक खरेदी आलेखावरच्या सपाट रेघेत दडून गेली होती.

१५ जानेवारी २०१५ रोजी, झ्युरिकच्या घड्याळात सकाळी साडेदहाला, बँकेने ही भिंत अचानक काढून घेतली. काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली कोसळला. ईबीएसवर तो ०.८५ च्या जवळ जाऊन आला. आता चित्र नेमके उलटे झाले. भाव देणाऱ्या बँका आपापल्या पाट्या काढून घेत होत्या, नव्या लावत होत्या, पुन्हा काढत होत्या, आणि भाव उड्या मारत होता. अशा वेळी नोंदल्या जाणाऱ्या टिकांमागे पैशाचा महापूर असण्याची गरज नसते. उलट समोर कोणी घेणाराच नसल्यामुळे लहानशा सौद्यानेही भाव मोठी झेप घेतो. तोटा थांबवण्यासाठी १.२० च्या खाली आधीच आदेश देऊन ठेवलेल्या असंख्य खातेदारांना त्या भावाला गिऱ्हाईकच मिळाले नाही. त्यांचे सौदे कितीतरी खाली पुरे झाले, आणि काही दलाल संस्था त्या तोट्याने बुडाल्या. आधीच्या संध्याकाळचे स्तंभ पाहून ‘या भावाला भरपूर खरेदीदार आहेत’ असे कोणी मानले असेल, तर त्या स्तंभांनी तसे कधीच म्हटले नव्हते.

मग खरी उलाढाल कुठेच दिसत नाही का? तुकड्यांत दिसते. शिकागोत १६ मे १९७२ पासून चलनांचे वायदे चालतात. तिथल्या युरोच्या एका करारात १,२५,००० युरो असतात आणि किती करार झाले ते नेमके मोजले जाते. मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजारात २९ ऑगस्ट २००८ पासून रुपया-डॉलरचे वायदे सुरू झाले. तिथला एक करार १००० डॉलरचा. या आकड्यांत टिकांचा घोळ नाही. मात्र त्या त्या बाजाराच्या भिंतींबाहेर बँकांच्या आपसात काय चालले आहे, हे तेही सांगत नाहीत. तरीही एखादा स्तंभ खरोखर पैशाने भरलेला आहे का, हे तपासायचे असेल तर त्याच मिनिटातल्या शिकागोच्या करारांची संख्या शेजारी ठेवणे, हा सामान्य अभ्यासकाच्या आवाक्यातला सर्वांत बरा उपाय आहे.

पूर्ण बाजाराची मोजदाद करण्याचा प्रयत्न बाझलची बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स करते, तीही तीन वर्षांतून एकदा, एप्रिल महिन्याची. देशोदेशींच्या मध्यवर्ती बँका आपल्याकडच्या बँकांकडून तक्ते भरून घेतात. लंडनच्या बँकेने सिंगापूरच्या बँकेशी केलेला सौदा दोघींच्या तक्त्यांत येतो, म्हणून अशा दुहेरी नोंदी वजा केल्या जातात. एप्रिल २०२२ मध्ये रोजची सरासरी उलाढाल ७.५ लाख कोटी डॉलर निघाली, एप्रिल २०२५ मध्ये ९.६ लाख कोटी.

२०२२ च्या त्या ७.५ मधले फक्त २.१ लाख कोटी हे ताबडतोबीचे सौदे होते, म्हणजे ज्यांचा भाव आलेखावर दिसतो ते. निम्म्याहून अधिक, ३.८ लाख कोटी, स्वॅप होते : आज डॉलर घ्यायचे आणि आज ठरलेल्याच भावाने काही दिवसांनी परत करायचे. बँका आपली रोजची पैशाची गरज अशा सौद्यांनी भागवतात. त्यात चलनाच्या भावावर पैज नसते, म्हणून त्यांनी युरो-डॉलरचा भाव सहसा हलतही नाही. जगातल्या या सर्वांत मोठ्या बाजाराचा निम्म्याहून मोठा भाग रोज आलेखाखालच्या स्तंभांना चाटूनही न जाता निघून जातो.